डिलिव्हरीच्या गाडीची सर्व्हिसिंग: पुस्तकातला आकडा बाजूला ठेवा, झीज मोजा

"दादा, गाडीच्या पुस्तकात सहा हजारावर ऑइल बदला असं लिहिलंय. मी तर पाच हजारावरच गाडी आणली. तरी इंजिनचं काम कसं काय निघालं?"

समोर उभा होता हडपसर भागात पार्सल पोचवणारा विशीतला मुलगा. गाडी शंभर सीसीची, रोजच्या वापराची, मीटरवर अठ्ठावन्न हजार. ऑइलचा बोल्ट काढला तेव्हा खाली धरलेल्या डब्यात जेमतेम कपभर काळं, पातळ ऑइल आलं. ज्या इंजिनात पाऊण लिटरच्या वर ऑइल असायला हवं, ते कपभर ऑइलवर पुण्याच्या उन्हात दिवसाला सहा तास चालत होतं. त्या मुलाने चूक केली नव्हती. त्याने पुस्तक पाळलं होतं. पण पुस्तकातला तो आकडा सकाळी ऑफिसला जाऊन संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाच्या गाडीसाठी आहे.

मी स्वतः चार वर्षं डिलिव्हरी केली. आता एका मित्राच्या गॅरेजवर अशाच गाड्या बघतो. नवीन मुलं येतात ती एकच प्रश्न घेऊन येतात, "किती किलोमीटरला सर्व्हिसिंग करू?" एक सुरुवातीचा आकडा मी खाली देतोच आहे. पण तुमच्या गाडीचा खरा आकडा तुमच्या गाडीकडूनच काढायचा असतो, आणि त्यासाठी लागते शंभर पानी वही, स्टीलची पट्टी आणि मेडिकलमधून आणलेली मोठी सिरिंज. हा लेख साखळी आणि गिअरवाल्या १०० ते १२५ सीसी मोटरसायकलींसाठी आहे. स्कूटरचं गणित वेगळं असतं.

आधी आपलं रनिंग समजून घ्या

रोज ११० किलोमीटर, महिन्याचे २६ दिवस, म्हणजे महिन्याला २,८६० किलोमीटर. रोज वीस किलोमीटर ऑफिसला जाणाऱ्याचे महिन्याला होतात ५२०. म्हणजे त्याचे साडेपाच महिने तुम्ही एका महिन्यात उरकता. तो 'तीन-चार महिन्यांनी गाडी दाखवू' म्हणतो ते ठीक आहे. तुम्ही तसं म्हणालात तर मधे दहा हजार किलोमीटर निघून गेलेले असतात.

पण नुसते किलोमीटर धरले तरी हिशोब अपुराच राहतो. शहरात थांबत-थांबत डिलिव्हरी करताना सरासरी वेग ताशी अठराच्या आसपास पडतो. ११० किलोमीटरला सहा तास. त्यातला बराच वेळ पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आणि सिग्नलला उभं राहण्यात जातो. या गाड्यांचं इंजिन वाऱ्यावर थंड होतं. गाडी उभी असली की वारा नाही, म्हणून तेच इंजिन हायवेपेक्षा गल्लीत जास्त तापतं. मीटर मात्र हे तास दाखवत नाही. शिवाय दिवसातून पन्नास-साठ वेळा थांबणं, तितक्याच वेळा ब्रेक, क्लच आणि सेल्फ, आणि मागे पंचवीस-तीस किलोची बॅग. पुस्तकाच्या मागच्या पानांवर बहुधा एक ओळ असते: धुळीत, जास्त भाराने किंवा सतत थांबत-चालत वापर असेल तर देखभाल लवकर करा. डिलिव्हरीवाल्याने तीच ओळ आपली समजायची.

माझा सुरुवातीचा आकडा असा. ऑइलची पातळी आणि चेन आठवड्याला, ऑइल बदलणं २,५०० किलोमीटरला, टॅपेट आणि एअर फिल्टरची तपासणी ५,००० ला. गाडी नवी आणि वॉरंटीत असेल तर कंपनीच्या ठरलेल्या सर्व्हिसिंग चुकवू नका. त्या किलोमीटर किंवा दिवस यांपैकी जे आधी येईल त्यावर असतात आणि तुमचे किलोमीटरच आधी येतात. मधे जादाचं ऑइल बदललंत तर बिल आणि मीटरचा आकडा वहीत जपून ठेवा.

ऑइल: बदलण्याआधी पातळी

या गाडीत एकच ऑइल तीन कामं करतं. पिस्टन आणि व्हॉल्व्हला वंगण देतं, गिअर त्यातच फिरतात आणि क्लच प्लेटाही त्यातच बुडालेल्या असतात. त्यामुळे बाटली घेताना दोन गोष्टी बघायच्या. पुस्तकात सांगितलेला ग्रेड, जो या वर्गात बहुधा १०डब्ल्यू-३० असतो, आणि बाटलीवर 'जासो एमए' किंवा 'एमए-टू' हा शिक्का. कारसाठीच्या किंवा स्कूटरसाठीच्या ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्यं असू शकतात. ती क्लच प्लेटांवर बसली की क्लच घसरतो. रेस वाढते पण गाडी तितकी उचलत नाही, आणि माणूस उगाच नव्या क्लच प्लेटा टाकत बसतो.

पातळी अशी बघा. गाडी सपाट जागी मेन स्टँडवर लावा. साइड स्टँडवर कललेल्या गाडीचं माप खोटं येतं. इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा, म्हणजे वर चढलेलं ऑइल खाली उतरेल. झाकणाची पट्टी काढून फडक्याने पुसा, परत भोकात टेकवा पण आटे फिरवून बसवू नका, आणि बाहेर काढून बघा. बहुतेक गाड्यांत हीच पद्धत आहे, तरी तुमच्या पुस्तकात एकदा खात्री करा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये, शक्यतो वरच्या खुणेजवळ हवं. वरच्या खुणेच्या वर भरू नका. जादा ऑइल फेसाळतं आणि एअर फिल्टरच्या डब्यात जाऊन बसतं.

ऑइल काळं झालं म्हणून खराब झालं, ही समजूत सोडून द्या. चांगलं ऑइल काजळी स्वतःत घेतं, म्हणून काळं पडतं. काळजी करायची ती पातळीची. जुन्या गाडीचं इंजिन थोडं ऑइल खातंच, आणि किती खातं हे मोजणं सोपं आहे. ऑइल बदललं त्या दिवशी वरच्या खुणेपर्यंत भरा आणि मीटरचा आकडा लिहा. हजार किलोमीटरनंतर सिरिंजने मोजून-मोजून पुन्हा त्याच खुणेपर्यंत भरा. जितके मिलिलिटर गेले तितकी गाडीची भूक.

आता सुरुवातीच्या त्या मुलाचं कोडं सोडवू. गाडीत ८०० मिलिलिटर ऑइल आहे आणि ती हजाराला १५० मिलिलिटर खाते असं धरा. अडीच हजारावर ३७५ मिलिलिटर गेलेलं असतं, म्हणजे जवळपास अर्धं. पाच हजारावर ७५० जातं, मागे उरतं पन्नास. मधे एकदाही पातळी न बघता पाच हजार चालवलेल्या गाडीचं इंजिन वाचणं अवघडच होतं. ऑइल जसं कमी होतं तसं उरलेलं जास्त तापतं, आणि तापलेलं ऑइल आणखी भराभर उडतं, म्हणून शेवटचे हजार-दीड हजार किलोमीटर सगळ्यात घातक.

बदलताना इंजिन कोमट असावं, चटका बसेल इतकं नको. खालचा बोल्ट काढा, दहा मिनिटं नितरू द्या, किक दोन-तीन वेळा हाताने हळू दाबा. बोल्टची वायसर चपटी झाली असेल तर नवी टाका. बोल्ट परत लावताना पान्याला लोंबकळू नका. इंजिनचा तळ अ‍ॅल्युमिनियमचा असतो, आटे गेले की वीस रुपयांच्या वायसरचं काम हजारांत जातं. काढलेलं ऑइल बोटांत चोळून बघा. चमकती बारीक कच थोडी असतेच, पण नखाला लागेल असा तुकडा आला तर गाडी पुढे न चालवता दाखवा.

भूक वाढली की धूर बघा. सकाळी पहिल्या स्टार्टला निळसर धुराचा एक भपका येऊन थांबत असेल तर बहुधा व्हॉल्व्हचे सील गेलेत. ते काम लहान आहे. रेस दिल्यावर सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंग आणि सिलिंडरच्या बोअरकडे बोट जातं. अशी गाडी रोज ऑइल भरून काही महिने चालते, पण ते महिने पैसे बाजूला टाकण्यासाठी आहेत हे मनाशी पक्कं ठेवा.

चेन: भार टाकून बघा

बऱ्याच शंभर सीसी गाड्यांची चेन पूर्ण कव्हरमध्ये असते. कव्हर धूळ अडवतं, आणि त्याच कारणाने चेन कोणाच्या नजरेलाही पडत नाही. कव्हरला खालच्या बाजूला रबराचं बूच असतं. ते काढून बोटाने चेन वर-खाली हलवायची. मधोमध एकूण हालचाल साधारण २० ते ३० मिलिमीटर असावी. नेमका आकडा पुस्तकात किंवा गाडीवरच्या स्टिकरवर मिळेल.

एका जागी बघून थांबू नका. गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये. चाक थोडं फिरवा, बघा, पुन्हा फिरवा. जुनी चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. एका जागी ढिली आणि दुसऱ्या जागी ताठ लागते. सेटिंग नेहमी सगळ्यात ताठ जागेवर करायची. ढिल्या जागेवर केली तर ताठ जागा येते तेव्हा चेन तारेसारखी ओढली जाते आणि तो ताण चाकाच्या बेअरिंगवर आणि गिअरबॉक्सच्या शाफ्टवर बसतो.

डिलिव्हरीवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट आहे, जी गॅरेजात घाईत राहून जाते. मागे भार पडला की शॉकअप दबतात, मागचं चाक धरणारा चिमटा वर जातो आणि चेन आणखी ताणली जाते. म्हणून रिकाम्या गाडीवर सेटिंग झालं की गाडी जमिनीवर घ्या, भरलेली बॅग लावा, एकाला सीटवर बसवा आणि बूच काढून पुन्हा बोट लावा. थोडा तरी खेळ उरला पाहिजे. उरला नाही तर चेन अर्धी खूण ढिली करा. चेन ढिली असली की कव्हरला खडखड लागून स्वतःच सांगते. ताठ चेन गप्प राहून बेअरिंग खाते.

सेटिंगचा क्रम असा. मागच्या एक्सलचा नट ढिला करा. ज्या गाडीत स्प्रॉकेटच्या बाजूला दुसरा मोठा नट असतो तोही. दोन्ही बाजूंचे अ‍ॅडजस्टर समान फिरवा. चिमट्यावरच्या खुणा डाव्या-उजव्या बाजूला तंतोतंत जुळल्या पाहिजेत, नाहीतर चाक तिरकं बसतं. नट पक्के करा, स्प्लिट पिन असेल तर नवी घाला. शेवटी मागचा ब्रेक तपासा. चाक मागे सरकल्यावर ब्रेकची दांडी ताणली जाते, पेडलचा खेळ कमी होतो आणि ब्रेकचे लायनर ड्रमला घासत राहतात. चेन टाइट केल्यावर 'गाडी जड चालते, ड्रम तापतो' अशी तक्रार येते ती बहुतेक वेळा यातूनच.

चेनचं आयुष्य मात्र पट्टीनेच कळतं. या गाड्यांना बहुधा ४२८ नंबरची चेन असते, तिच्या दोन पिनांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर. एका पिनेच्या मध्यापासून पुढची विसावी पिन मोजा. ती मोजताना सुरुवातीच्या पिनेला शून्य म्हणा, एक नाही. नवीन चेनवर हे अंतर २५४ मिलिमीटर भरतं. दोन टक्के वाढ, म्हणजे २५९, ही साधारण मर्यादा. माप घेताना चेन ताठ धरायची आणि तीन वेगवेगळ्या जागी घ्यायचं, कारण पट्टीने अर्ध्या मिलिमीटरची चूक सहज होते. सोबत स्प्रॉकेटचे दात बघा. एका बाजूला झुकून वाघनखासारखे झाले असतील तर माप भरायच्या आधीच सेट संपला. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदला. जुन्या दातांवर नवी चेन टाकली की ती महिन्यादोन महिन्यांत जुनी होते.

वंगण आठवड्याला एकदा, आणि पावसात भिजलेल्या दिवशी रात्री. साधं गिअर ऑइल चालतं. संध्याकाळी काम संपल्यावर चेन गरम असताना लावा म्हणजे रात्रभर आत मुरतं. सकाळी निघताना लावलं तर निम्मं कव्हरवर उडतं.

ब्रेक: नट फिरवत राहणं म्हणजे दुरुस्ती नाही

ड्रम ब्रेकची अडचण अशी की तो शेवटपर्यंत चांगला वाटतो. पेडल खाली जायला लागलं की मागचा नट दोन फेरे फिरवायचा, पुन्हा छान लागतो. असं करत नट दांडीच्या टोकाला येतो आणि लायनर कागदासारखे झालेले असतात. मग एक दिवस भरल्या गाडीवर उतारावर पेडल दाबलं की लायनर पसरवणारा आतला कॅम उलटायच्या बेतात येतो किंवा लोखंड ड्रमवर घासतं. ड्रम खरवडला तर लायनरचं काम ड्रमपर्यंत जातं.

बघायची खूण चाकाच्या प्लेटवरच आहे. ब्रेकच्या लिव्हरजवळ एक छोटा बाण असतो आणि प्लेटवर एक रेघ किंवा त्रिकोण. पेडल पूर्ण दाबून धरायला कोणाला तरी सांगा आणि बाण कुठे येतो ते बघा. बाण खुणेला जुळला तर लायनर संपले, नट कितीही शिल्लक असो. नट फिरवून बाण मागे जात नाही, कारण बाण कॅमसोबत फिरतो. म्हणूनच तो विश्वासाचा. जुळायला किती मिलिमीटर उरलेत ते दर महिन्याला पट्टीने मोजून वहीत लिहा. कमी किलोमीटर चालवणारा याच्याकडे वर्षातून एकदा बघतो, तुम्हाला ते महिन्याला करावं लागेल.

चाक उघडाल तेव्हा आतली धूळ तोंडाने फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. लायनर काचेसारखे चमकत असतील पण जाड असतील तर खरखरीत पॉलिश पेपरने घासून पुन्हा वापरता येतात. कॅमच्या दांडीला ग्रीस बोटाच्या टोकाएवढंच, जास्त लावलं तर गरम होऊन लायनरवर उतरतं. ड्रमच्या आत कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापेक्षा मोठा झाला असेल तर नवे लायनर टाकूनही ब्रेक नीट लागणार नाही.

एप्रिल २०१९ मध्ये नव्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एकत्रित ब्रेक किंवा एबीएस सक्तीचा झाला. एकत्रित ब्रेकच्या गाडीत मागचं पेडल दाबलं की पुढचाही थोडा लागतो. त्यामुळे या गाड्यांचे पुढचे लायनर जुन्या गाड्यांपेक्षा लवकर झिजतात. 'मी पुढचा ब्रेक वापरतच नाही' म्हणणाऱ्यांनी पुढचा बाणही बघावा. दोन्ही ब्रेकना जोडणारी केबल स्वतः सेट करू नका, ते काम माहितगार माणसाचं.

टॅपेट: आवाज गेला म्हणून खूश होऊ नका

टिकटिक करणारी गाडी सगळे दाखवायला आणतात. गप्प झालेली कोणी आणत नाही. खूप चाललेल्या, तापणाऱ्या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हळूहळू आपल्या बैठकीत खोल जातो आणि टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या भागामधली, फट वाढण्याऐवजी कमी होते. आवाज बंद होतो, माणसाला बरं वाटतं. फट संपली की व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही. तापलेला वायू कडेने निसटतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. याची खूण म्हणजे सकाळी गाडी ठीक चालू होते, पण दुपारी डिलिव्हरी देऊन दोन मिनिटांनी परत आलात की गरम इंजिन लवकर स्टार्ट होत नाही, आणि बंद गाडीची किक नेहमीपेक्षा हलकी लागते.

फट मिलिमीटरच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, म्हणून अंदाजाने सेट होत नाही. गाडी रात्रभर उभी राहिलेली हवी. दुपारी गॅरेजला नेऊन 'लगेच करून द्या' म्हणालात तर गरम इंजिनवर केलेलं सेटिंग चुकणारच. आदल्या रात्री गाडी ठेवा आणि सकाळी पहिलं काम तेच करायला सांगा. मेकॅनिक फट मोजायची पातळ पात्यांची फिलर गेज वापरतोय का, हे बघायला संकोच करू नका.

एअर फिल्टरबद्दल थोडक्यात. तेलकट, चिकट कागदाचा फिल्टर असेल तर हवा मारून साफ करायचा नसतो, बदलायचाच. हवा मारली की चिकट थर जातो आणि धूळ सरळ आत. कोरड्या कागदाचा असेल तर आतून बाहेर हलकी हवा मारा. टायरची हवा दर आठवड्याला सकाळी, चाक थंड असताना. चेनकव्हरवरच्या स्टिकरवर एकट्यासाठी आणि दोघांसाठी असे वेगळे आकडे असतात. बॅग जड असेल तर मागच्या चाकात दोघांचा आकडा धरा. टायरच्या कडेला असलेल्या त्रिकोणांच्या रेषेत, खाचांच्या तळाला छोटे उंचवटे असतात. मधला भाग झिजून त्यांच्या पातळीला आला की टायर संपला, कडांची नक्षी कितीही नवी दिसो.

एका गाडीची वही

गेल्या उन्हाळ्यात एका डिलिव्हरीवाल्याने सेकंडहँड घेतलेली गाडी आमच्याकडे आली. मीटर ४१,२००. आधीचा इतिहास काहीच माहीत नव्हता, म्हणून त्या दिवसाला शून्य धरलं. ऑइल बदलून वरच्या खुणेपर्यंत भरलं. मागच्या ब्रेकचा बाण खुणेपासून ११ मिलिमीटर लांब. वीस पिनांचं माप २५६.५. टॅपेट सकाळी थंड इंजिनवर केले, एक्झॉस्टची फट हवी त्यापेक्षा कमी निघाली.

४२,२०० ला सिरिंजने १४० मिलिलिटर ऑइल बसलं. ४३,२०० ला १५०. म्हणजे भूक ठरली: हजाराला दीडशे. त्याचं रनिंग आठवड्याला ६६० किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आठवड्याला शंभर मिलिलिटर. त्याने दर सोमवारी सकाळी ऑइलची पट्टी बघून तेवढं भरायचं, आणि पूर्ण ऑइल २,५०० लाच बदलायचं, असं ठरलं. भरत राहिलं म्हणून बदलायचं टाळता येत नाही, कारण वरून घातलेलं नवं ऑइल जुन्यातली काजळी आणि कच बाहेर काढत नाही.

४३,६०० ला बाण ७ मिलिमीटरवर आला होता. २,४०० किलोमीटरमध्ये ४ मिलिमीटर. त्याच वेगाने उरलेले ७ मिलिमीटर ४,२०० किलोमीटर पुरतील, म्हणजे ४७,८०० पर्यंत. पण मी शेवटचा तिसरा हिस्सा कधीच वापरू देत नाही. सणाच्या आठवड्यात भार वाढतो, पाऊस लागला की ड्रममध्ये चिखल जातो, आणि झीज एकदम वाढते. ४,२०० चे दोन हिस्से २,८००, म्हणून लायनर ४६,४०० च्या आत बदलायचे असं वहीत लिहिलं. ४६,३०० ला चाक उघडलं. लायनर पातळ झाले होते, पण ड्रम गुळगुळीत होता. फक्त लायनरच्या पैशात काम झालं.

त्याच दिवशी चेन मोजली: २५८. म्हणजे ५,१०० किलोमीटरमध्ये दीड मिलिमीटर, मिलिमीटरला ३,४००. मर्यादेला एकच मिलिमीटर उरला होता, म्हणजे ४९,७०० च्या आसपास संपणार. तो म्हणाला, "दादा, मग अजून महिनाभर काढतो की." हिशोबाने काढता आलाही असता. पण महिन्याभरात पाऊस सुरू होणार होता, आणि सेटिंग पूर्वी महिन्याला एकदा लागायचं ते आता दहा दिवसांवर आलं होतं. सेटिंग लवकर-लवकर लागायला लागलं की चेनचा शेवट पट्टीच्या हिशोबापेक्षा आधी येतो. सेट ४८,००० ला, पावसाच्या आधीच्या सुट्टीच्या दिवशी बदलला. स्प्रॉकेट काढल्यावर पुढच्याचे तीन दात वाकलेले दिसले. कव्हर न काढता ते कळलं नसतं.

गाडी आता पंचावन्न हजारांच्या पुढे आहे. ऑइलची भूक हजाराला १७० वर गेलीय. अडीचशेच्या वर गेली, किंवा रेसवर निळा धूर दिसायला लागला, की रिंगचं काम काढायचं असं त्याने वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवलंय, आणि त्यासाठी दर आठवड्याला थोडे पैसे वेगळ्या डब्यात टाकतो.

तुम्ही सुरुवात करणार असाल तर उद्या सकाळी चार आकडे लिहा: मीटर, ऑइल भरल्यावर पट्टीवरची पातळी, बाणापासून खुणेचं अंतर, आणि वीस पिनांचं माप. पुढच्या सोमवारी फक्त ऑइल बघा. बाण आणि चेन महिन्याने पुन्हा मोजा. दुसरा आकडा हातात आला की तुमच्या गाडीला किती किलोमीटरला काय लागतं, हे त्या दोन आकड्यांच्या वजाबाकीत दिसेल.